एचआरची पोच आली, पण तक्रार कुठे पोचली?

आधी एक खुलासा. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाबद्दलचा 2013 चा कायदा आहे, ज्याला ऑफिसांत सगळे पॉश म्हणतात. त्याचं कलम 16 सांगतं की तक्रारीतला मजकूर, तक्रारदार, ज्याच्यावर आरोप आहे तो आणि साक्षीदार यांची ओळख, अशा तक्रारींच्या चौकशीसाठी कंपनीत नेमलेल्या अंतर्गत समितीच्या शिफारशी, यातलं काहीही जाहीर करायचं नाही. त्यामुळे नेमकं काय घडलं, कोणी केलं आणि शेवटी काय ठरलं, हे या लेखात मिळणार नाही. ओळख पटेल असे तपशील आणि तारखा बदलल्या आहेत, पण तारखांमधली अंतरं तशीच ठेवली आहेत, कारण पुढे सगळं त्या अंतरांवरच फिरतं. मला लिहायचंय ते एका मेलबद्दल. तक्रार पाठवल्यावर एचआरकडून जी पोच येते, ती कशी वाचायची याबद्दल.

मी औषधं बनवणाऱ्या एका कंपनीत गुणवत्ता विभागात कागदपत्रांचं काम करते. शेवटचा प्रसंग 14 नोव्हेंबर 2024 चा, प्रयोगशाळेबाहेरच्या पॅसेजमधला. एकापेक्षा जास्त प्रसंग असतील तर शेवटच्या प्रसंगापासून तीन महिन्यांत लेखी तक्रार द्यावी लागते. उशीर का झाला हे पटलं तर समिती कारण लेखी नोंदवून आणखी तीन महिन्यांपर्यंत मुदत वाढवू शकते. माझ्याकडे वेळ होता, तरी मजकूर लिहायला दोन आठवडे गेले. दरवेळी चौथ्या ओळीला थांबायचे.

पाठवायची कोणाला, हाही प्रश्न होता. कॅन्टीनबाहेर अंतर्गत समितीचा फलक होता, पण त्यावरच्या अध्यक्षबाई आधीच नोकरी सोडून गेल्या होत्या. (समितीत कोण आहे, त्यांचे मेल आणि फोन वेबसाइटवर सहज सापडले पाहिजेत, असं सर्वोच्च न्यायालयाने मे 2023 मध्ये सांगितलं आहे. आमच्या फलकाला ते कोणी कळवलं नसावं.) इंट्रानेटवर पत्ता एकच, एचआरचा. म्हणून मी मायना असा घातला: ‘प्रति, अध्यक्ष, अंतर्गत समिती, द्वारा एचआर विभाग’. विषयात लिहिलं: ‘कलम 9 खालील लेखी तक्रार’. सोमवार, 2 डिसेंबरच्या सकाळी मेल गेला. प्रत मी माझ्या खासगी मेलवरही ठेवली. कंपनीचा मेल कधी बंद होईल याचा भरवसा नसतो. एक खबरदारी मात्र हवी: फक्त स्वतःची तक्रार आणि स्वतःचा पत्रव्यवहार ठेवायचा. कंपनीची इतर कागदपत्रं बाहेर पाठवली तर तेच आपल्यावर उलटू शकतं.

पुढचे दोन दिवस फोन टेबलावर उलटा ठेवून काम केलं. ज्याच्याबद्दल लिहिलं तो रोज दोनदा माझ्या टेबलाशेजारून जात होता, कारण तोच माझ्या विभागाचा प्रमुख. त्याला कळलंय की नाही, हे त्याच्या चेहऱ्यावरून ओळखायचा प्रयत्न करायचा नाही असं ठरवलं होतं. जमलं नाही.

बुधवारी, 4 तारखेला दुपारी उत्तर आलं. मूळ इंग्रजीत होतं, इथे त्याचा आशय मराठीत देते.

‘आपला 2 डिसेंबरचा मेल मिळाला. आपण मोकळेपणाने आपल्या भावना मांडल्याबद्दल धन्यवाद. कंपनी अशा गोष्टी अत्यंत गांभीर्याने घेते आणि कोणत्याही प्रकारच्या छळाला येथे थारा नाही. आपण उपस्थित केलेल्या मुद्द्यांचा कंपनीच्या धोरणानुसार विचार केला जाईल आणि संबंधितांशी बोलून लवकरात लवकर योग्य ते पाऊल उचलले जाईल. दरम्यान, गोपनीयतेच्या दृष्टीने आपण हा विषय कोणाशीही बोलू नये. सामोपचाराने तोडगा काढता येईल का हे पाहण्यासाठी शुक्रवारी, 6 तारखेला सकाळी 11 वाजता भेटावे.’

पहिल्यांदा वाचला तेव्हा बरं वाटलं, हे खरं आहे. कोणीतरी वाचलंय, चिडलेलं नाही, धन्यवादही दिलेत. संध्याकाळी घरी त्याचा प्रिंट काढला आणि पेन घेऊन बसले, तेव्हा कामाची सवय जागी झाली. आमच्याकडे उत्पादनात काही चुकलं की विचलनाचा अहवाल लिहितात. त्यात ‘सुधारणा केली जाईल’ असं लिहिलेलं आलं की मी तो परत पाठवते. कोण करणार आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे दोन रकाने भरल्याशिवाय तपासनीस तो कागद स्वीकारत नाही. मेलमधल्या प्रत्येक वाक्यापुढे मी तेच दोन रकाने काढले. भरलेले रकाने दोनच निघाले: मी गप्प बसायचं, आणि मी शुक्रवारी अकरा वाजता यायचं. कंपनीकडच्या कामांपुढे ना नाव, ना तारीख.

माझी मावसबहीण कामगार न्यायालयात वकिली करते. तिला फोन लावला आणि मेल वाचून दाखवला.

‘पुन्हा वाच,’ ती म्हणाली. ‘समिती हा शब्द कुठे आला?’

‘नाहीच आला, ताई. पण एचआरने घेतली म्हणजे तेच ना?’

‘अगं, नाही. कायद्यातली सगळी घड्याळं समितीच्या हातात आहेत. तक्रार मिळाल्यापासून सात कामाच्या दिवसांत समितीने समोरच्याला प्रत पाठवायची. त्याने दहा कामाच्या दिवसांत उत्तर द्यायचं. चौकशी 90 दिवसांत संपवायची. एचआरच्या टेबलावर कागद पडून राहिला तर यातलं एकही घड्याळ सुरू झालं नाही, असं उद्या म्हणता येतं. तू तक्रार केली होतीस, त्यांनी तिचे मुद्दे केले, वर भावना केल्या.’

मग आम्ही दोघींनी तो मेल ओळीओळीने सोडवला. फोनवर तासभर गेला असेल.

पहिली ओळ कोरडी वाटते, पण अख्ख्या मेलमध्ये सर्वात मोलाची तीच आहे. माझा 2 डिसेंबरचा मेल त्यांना मिळाला, हे त्यांनी स्वतः लिहून दिलं. तीन महिन्यांच्या मुदतीचा वाद तिथेच मिटला. तुम्हाला फक्त ‘आपला मेल मिळाला’ असं आलं असेल, तारीख नसेल, तर उत्तर देताना तारीख आपणच घालावी.

‘कंपनीच्या धोरणानुसार’ या शब्दांवर ताई अडली. कुठलं धोरण? आमच्याकडे दोन होती. पॉशचं वेगळं आणि कर्मचाऱ्यांच्या सर्वसाधारण गाऱ्हाण्यांचं वेगळं. मी रात्रीच इंट्रानेटवर पाहिलं. गाऱ्हाण्यांच्या धोरणातली पहिली पायरी होती: ‘विभागप्रमुखांनी कर्मचाऱ्याचे म्हणणे ऐकून घ्यावे.’ म्हणजे माझी तक्रार चुकून त्या वाटेने गेली असती तर सर्वात आधी त्याच माणसापुढे ठेवली गेली असती. एचआरच्या मनात तसं होतं असं मला वाटत नाही, पण मेलमध्ये तसं होऊ न देणारं काहीही नव्हतं.

‘संबंधितांशी बोलून’ यातही तोच धोका. समितीने समोरच्याला प्रत पाठवणं ही कायद्यातली पायरी आहे, ती व्हायलाच हवी. त्याआधी एचआरने त्याला केबिनमध्ये बोलावून ‘असं असं आलंय, जरा बघा’ म्हणणं ही कुठलीच पायरी नाही. त्याची नोंद होत नाही, पण साक्षीदारांपर्यंत बातमी पोचते.

‘लवकरात लवकर’ला मी एरवी हसून सोडून दिलं असतं. पण पॅसेजमध्ये कॅमेरा आहे, आणि आमच्याकडे सीसीटीव्हीचं चित्रीकरण तीस दिवस राहतं, मग त्यावर नवीन चढतं. 14 नोव्हेंबरचं चित्रीकरण 14 डिसेंबरच्या आसपास पुसलं गेलं असतं. एचआरचं ‘लवकर’ पंधरा दिवसांचं असतं तर एक पुरावा कोणी हातही न लावता गेला असता. तुमच्याकडे किती दिवस राहतं हे सुरक्षा रक्षकाला सहज विचारता येतं, कारण सांगावं लागत नाही.

घाईचाही तोटा असतो, हे ताईने त्याच वेळी सांगितलं. वर ज्या मे 2023 च्या निकालाचा उल्लेख केला तो गोवा विद्यापीठातल्या प्रकरणातला आहे. तिथल्या समितीने चौकशी घाईघाईने उरकली, समोरच्याला बाजू मांडायला पुरेशी संधी दिली नाही, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने बडतर्फीची कारवाई रद्द केली आणि चौकशी पुन्हा समितीकडे पाठवली. तक्रारदार बायकांना किती वर्षांनी पुन्हा पहिल्या पायरीवर यावं लागलं, याचा विचार करा. त्यामुळे आपण मागायचं ते ठरलेल्या मुदतींचं पालन. ‘लगेच कारवाई करा’ असं लिहून आपलंही भलं होत नाही.

गोपनीयतेच्या वाक्याने मी सर्वात जास्त घाबरले होते. ताईशी बोलले हाच गुन्हा झाला की काय, असं वाटत होतं. कलम 16 मध्ये बंदी आहे ती लोकांपुढे आणि प्रसारमाध्यमांत जाहीर करण्यावर. वकिलाचा सल्ला घेणं, घरच्यांना सांगणं, डॉक्टरकडे जाणं यावर ती नाही, आणि पोलिसांत जाण्यावर तर नाहीच. उलट तक्रारदाराची इच्छा असेल तर पोलिसांत तक्रार द्यायला मालकाने मदत करायची, हे कलम 19 मध्ये त्यांचंच कर्तव्य म्हणून लिहिलंय. शिवाय गुप्तता पाळायची जबाबदारी तक्रार हाताळणाऱ्या प्रत्येकावर आहे. मेलने ती फक्त माझ्यावर टाकली होती. एचआर ती पाळणार का, यावर एक शब्दही नाही.

सामोपचाराबद्दलचं वाक्य सर्वात गोड आणि सर्वात निसरडं. कलम 10 प्रमाणे चौकशी सुरू होण्याआधी समेट होऊ शकतो, पण तो तक्रारदार बाईने विनंती केली तरच, समितीमार्फत, आणि पैशाच्या देवघेवीवर तर नाहीच. समेट झाला की मग चौकशी होत नाही. म्हणजे शुक्रवारी चहा पिता पिता मी ‘बरं, बघू’ म्हटलं असतं आणि कोणी ते लिहून घेतलं असतं, तर फाइल तिथेच बंद करायला निमित्त मिळालं असतं.

राहिलं ते मेलमध्ये अजिबात नसलेलं. माझं वार्षिक मूल्यमापन जानेवारीत सुरू होणार होतं आणि ते लिहिणार होता तोच. चौकशी चालू असताना तक्रारदाराच्या कामाचं मूल्यमापन आरोप असलेल्याकडून काढून दुसऱ्याकडे द्यायची सोय नियम 8 मध्ये आहे. कलम 12 मध्ये दोघांपैकी एकाची बदली किंवा तक्रारदाराला तीन महिन्यांपर्यंतची रजा, आणि ती हक्काच्या रजेशिवाय वेगळी, असे पर्याय आहेत. पण हे मागितल्याशिवाय मिळत नाही, आणि तोंडी मागून चालत नाही. कायद्यात ‘लेखी विनंतीवरून’ असं स्पष्ट आहे. एचआर आपणहून विचारेल म्हणून थांबू नये.

गुरुवारी, 5 तारखेला मी उत्तर पाठवलं. ताईचा एकच आग्रह होता, मेलवर टीका करायची नाही. रिकाम्या रकान्यांचे फक्त प्रश्न करायचे. मजकूर साधारण असा होता:

‘आपल्या उत्तराबद्दल आभार. माझा 2 डिसेंबरचा मेल ही कलम 9 खालची लेखी तक्रार आहे. ती अंतर्गत समितीकडे कोणत्या तारखेला सुपूर्द झाली आणि सध्या समितीत कोण आहेत, हे कृपया कळवावे. 14 नोव्हेंबरचे प्रयोगशाळेबाहेरील पॅसेजचे सीसीटीव्ही चित्रीकरण पुसले जाण्याआधी जतन करून तसे मला कळवावे. मी समेटाची विनंती केलेली नाही. चौकशी होईपर्यंत माझे मूल्यमापन दुसऱ्या अधिकाऱ्याकडे द्यावे, ही कलम 12 व नियम 8 खालील माझी लेखी विनंती समजावी. शुक्रवारच्या भेटीला येण्यास मी तयार आहे. भेट कशासाठी आहे, कोण उपस्थित राहतील आणि नोंद कोण ठेवेल, हे आधी कळावे.’

तासाभरात एचआरच्या मॅडमचा फोन. आवाज मऊ होता. ‘अहो, एवढं कायदेशीर कशाला करताय? आपण बोलू ना आधी. मी बघते सगळं.’ मी हो-नाही काही म्हटलं नाही. फोन ठेवल्यावर लगेच दोन ओळींचा मेल टाकला: ‘आत्ताच्या फोनवर आपण म्हणालात की आपण यात लक्ष घालत आहात. माझ्या सकाळच्या मेलमधील प्रश्नांची लेखी उत्तरे मिळावीत, ही विनंती.’ फोनवर झालेलं मेलवर आणायची ही युक्ती अगदी साधी आहे, पण त्यानंतर फोन येणं थांबलं. शुक्रवारची भेटही रद्द झाली. पुढचं समिती कळवेल, असा एका ओळीचा निरोप आला. रात्री मात्र झोप लागली नाही. आपण उगाच ताणलं का, या लोकांशी आपल्याला रोज काम करायचंय, असं डोक्यात फिरत राहिलं.

सोमवारी, 9 तारखेला आलेला मेल वेगळाच होता. खाली नाव होतं समितीच्या अध्यक्षांचं, आमच्याच खरेदी विभागाच्या प्रमुख बाईंचं. बाकीच्या सदस्यांची आणि बाहेरच्या संस्थेतल्या सदस्याची नावंही होती. तक्रार ‘समितीस 9 डिसेंबर रोजी प्राप्त’, समोरच्याला प्रत 17 तारखेपर्यंत जाईल, चित्रीकरण 7 तारखेलाच वेगळं काढून ठेवलं आहे, आणि मी तक्रारीच्या सहा प्रती पुराव्यांसह आणि साक्षीदारांच्या नावा-पत्त्यांसह द्याव्यात. सहा प्रती नियमातच आहेत, त्यांनी अडवण्यासाठी मागितल्या नव्हत्या. झेरॉक्स आणि बांधणीचे मिळून साडेचारशे रुपये झाले. दुकान ऑफिसपासून लांबचं निवडलं.

2 ऐवजी 9 तारीख धरली हे खटकलं. ताई म्हणाली, ‘आठवड्यासाठी भांडू नकोस, पण दोन्ही तारखा नोंदीत येऊ देत.’ मी तेवढंच लिहिलं, आणि अध्यक्षांनी ‘एचआरकडे 2 डिसेंबर, समितीकडे 9 डिसेंबर’ अशी दुरुस्ती केली. सोबत 90 दिवस कधीपासून धरणार हेही विचारलं होतं, कारण कलम 11 फक्त ‘90 दिवसांत’ म्हणतं, कोणत्या दिवसापासून ते सांगत नाही. समितीने 9 डिसेंबरपासून धरले, म्हणजे 9 मार्च. ही तारीख लेखी हातात आल्यावर मला पहिल्यांदा नीट जेवण गेलं.

या चांगल्या मेलमध्येही एक धूसर जागा होतीच. मूल्यमापनाच्या विनंतीपुढे ‘विचाराधीन’ एवढंच. मी तीन दिवस थांबून विचारलं की मूल्यमापन जानेवारीत सुरू होतंय, त्याआधी निर्णय कळेल का. माझ्या विनंतीला मुदत कायद्याने दिली नव्हती, ती कंपनीच्याच वेळापत्रकातून मिळाली. 20 डिसेंबरला आदेश निघाला आणि माझं मूल्यमापन दुसऱ्या प्लांटच्या अधिकाऱ्याकडे गेलं.

चौकशीबद्दल लिहिता येत नाही. व्यवहारापुरतं सांगते: समितीपुढे कोणालाच वकील नेता येत नाही, सुनावणीला अध्यक्षांसह किमान तीन सदस्य हजर लागतात, आणि आपल्या जबाबाची प्रत वाचून मगच सही करावी. वाचायला वेळ मागितला तर देतात.

चौकशी संपल्यावर दहा दिवसांत अहवाल मालकाला द्यायचा असतो आणि दोन्ही बाजूंनाही मिळायला हवा. तसा तो मार्चमध्ये मिळाला. वर एचआरचं पत्र जोडलेलं: ‘शिफारशींवर योग्य ती कार्यवाही करण्यात येईल.’ मॅडम तेव्हा समोरच बसल्या होत्या. मी विचारलं, ‘मॅडम, शिफारशींवर 60 दिवसांत अंमल करायचा असतो ना? कोणत्या तारखेपर्यंत ते यात लिहाल का?’ त्यांनी पत्र परत घेतलं, आत जाऊन तारीख टाकून आणलं. शिफारशींविरुद्ध अपील करायचं तर त्याची मुदत 90 दिवसांची असते, म्हणून अहवाल मिळाल्याच्या रजिस्टरवर सही करताना मीही खाली तारीख घातली आणि त्या पानाचा फोटो मागून घेतला.